घड्याळ, पातेलं आणि मुरडा

प्रश्नपत्रिकेतला प्रसंग साधारण असा असतो. एका लग्नात दुपारी एक वाजता दोनशे पाहुणे जेवले. पानात मटणाचा रस्सा, भात, कोशिंबीर आणि बासुंदी. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत ऐंशी जणांच्या पोटात मुरडा सुरू झाला, पाण्यासारखे जुलाब झाले. उलटी दोन-चार जणांनाच, ताप कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेकांना बरं वाटलं. रस्सा आदल्या रात्री शिजवून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला होता आणि वाढण्याआधी जरा गरम केला होता. जीवाणू ओळखा, कारणे द्या.

अन्नसूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गातली बरीच मुलं इथे ‘साल्मोनेला’ लिहून मोकळी होतात. मांस दिसलं की साल्मोनेला, भात दिसला की बॅसिलस, मासळी दिसली की व्हिब्रिओ, अशा जोड्या पाठ केलेल्या असतात. अशा प्रश्नांमध्ये सर्वाधिक गुण या जोड्याच घालवतात. एकाच मटणातून चार वेगळे जीवाणू त्रास देऊ शकतात आणि एकच जीवाणू मटणातून, दुधातून किंवा कोशिंबिरीतूनही पोटात जाऊ शकतो. पदार्थाचं नाव हा पुरावा खरा, पण तो शेवटी वाचायचा. आधी घड्याळ बघायचं, मग लक्षणं, आणि मग पदार्थ चुलीवरून उतरल्यानंतर त्याचं काय झालं ते.

घड्याळ आधी का, हे समजलं की निम्मा विषय हाती येतो. घास पोटात गेल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतचा वेळ हा मुख्यतः विष कुठे तयार झालं यावर अवलंबून असतो. जीवाणूने विष पदार्थातच तयार करून ठेवलं असेल, तर खाणाऱ्याच्या शरीरात काही वाढायची वाट बघावी लागत नाही. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. जिवंत जीवाणू गिळले गेले आणि त्यांनी आतड्यात पोहोचून विष सोडलं, तर आठ ते सोळा तास जातात आणि त्रास खालच्या बाजूने, म्हणजे मुरडा आणि जुलाब असा होतो. जीवाणूंना आतड्याच्या अस्तरात शिरून वाढायचं असेल, तर साधारण बारा तासांपासून काही दिवस लागतात. तेव्हा शरीर झुंज देतं आणि ताप येतो. ताप नसणं हीसुद्धा प्रश्नात दिलेली माहिती असते, आणि घाईत वाचणारा नेमकी तीच ओलांडून पुढे जातो.

लग्नाच्या प्रश्नात वजाबाकी सोपी आहे. एक ते अकरा म्हणजे दहा तास, एक ते पहाटे पाच म्हणजे सोळा. मुरडा आहे, जुलाब आहेत, उलटी जवळपास नाही, ताप नाही, चोवीस तासांत सुटका. हे वर्णन क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचं आहे. साल्मोनेलाने ऐंशीतल्या बऱ्याच जणांना ताप आणला असता आणि त्रास चार-सहा दिवस रेंगाळला असता.

आता ते पातेलं जवळून बघण्यासारखं आहे. परफ्रिंजेन्स मातीत, जनावरांच्या आतड्यात आणि म्हणून कच्च्या मांसावरही सर्रास असतो. त्याची साधी पेशी उकळीत मरते, पण त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपलेलं त्याचं रूप, ती उकळी सोसतात. उलट त्या उष्णतेने ते जागे होतात. उकळीने रश्श्यातली हवाही निघून गेलेली असते, आणि या जीवाणूला ऑक्सिजन नकोच असतो. शिवाय उकळीने बाकीचे जीवाणू मारून त्याचे प्रतिस्पर्धीही संपवलेले असतात. मग चूल बंद होते. वीस-तीस लिटरच्या पातेल्याची कडा लवकर निवते, पण मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पंचेचाळीस अंशांच्या आसपास या जीवाणूला दुप्पट व्हायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. एका पेशीच्या वीस दुपटी झाल्या की दहा लाखांवर पेशी होतात. म्हणजे सगळं मनासारखं असेल तर साडेतीन तासांच्या आत. प्रत्यक्षात बीजाणूला जागं व्हायला वेळ लागतो आणि तापमान उतरत जातं, म्हणून हिशोब इतका नेमका बसत नाही. पण आख्खी रात्र हाताशी असताना तो बसायची गरजही नसते.

वाढण्याआधीचं ‘जरा गरम करणं’ हे प्रश्न काढणाऱ्याने मुद्दाम घातलेलं असतं. रश्श्याला पुन्हा खळखळून उकळी आली असती, तर नव्याने वाढलेल्या पेशी मेल्या असत्या. कोमट रश्श्याबरोबर त्या जिवंत गिळल्या गेल्या. लहान आतड्यात पोहोचल्यावर त्या पुन्हा बीजाणू बनवायला लागतात आणि त्याच वेळी विष बाहेर पडतं. दहा-बारा तासांचा उशीर होतो तो यामुळे. ब्रिटनमध्ये बेटी हॉब्ज आणि सहकाऱ्यांनी शिजवून सावकाश थंड झालेल्या मांसाचा आणि या जीवाणूचा संबंध १९५३ साली सविस्तर मांडला. तेव्हा त्याला क्लॉस्ट्रिडियम वेल्चाय म्हणत, आणि जुन्या पुस्तकांत अजूनही तेच नाव सापडतं.

पण दोषी मटणच कशावरून? बासुंदीही बऱ्याच जणांनी खाल्ली होती. चांगल्या प्रश्नात इथे एक तक्ता येतो. समजा, दोनशेपैकी १२० जणांनी मटण खाल्लं आणि त्यातले ७२ आजारी पडले, म्हणजे साठ टक्के. मटण न खाणाऱ्या ८० जणांपैकी ८ आजारी, म्हणजे दहा टक्के. बासुंदी खाणारे १५०, त्यातले आजारी ६०, म्हणजे चाळीस टक्के. न खाणारे ५०, त्यातले आजारी २०, तेही चाळीस टक्केच. बासुंदी खाल्ली काय आणि न खाल्ली काय, आजारी पडण्याचं प्रमाण तेच राहतं. मटणाच्या बाबतीत मात्र ते सहापट होतं. नुसते आकडे पाहणारा विद्यार्थी ‘बासुंदी खाणारे साठ आजारी’ याला भुलतो. न खाणाऱ्यांचं काय झालं हे विचारल्याशिवाय त्या साठांना काही अर्थ नसतो.

याच लग्नाचं घड्याळ आता बदलून बघू. जेवण एक वाजता, आणि दुपारी तीनपासूनच लोक भडभडून ओकायला लागले. ताप नाही, जुलाब थोडे, रात्रीपर्यंत बहुतेक सगळे बरे. दोन तास म्हणजे विष पदार्थातच तयार होतं. इथे दोन नावं समोर येतात, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि बॅसिलस सेरियसचा उलट्यांचा प्रकार. दोघांची वेळ तीच, लक्षणंही तीच. आता पदार्थाकडे आणि हातांकडे बघायची पाळी येते.

स्टॅफिलोकोकस माणसाच्या नाकात, त्वचेवर, पिकलेल्या जखमेत असतो. त्याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण आकाशात घडलं. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी टोकियोहून अँकरेज आणि कोपनहेगनमार्गे पॅरिसला निघालेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानात ३४४ प्रवासी होते. अँकरेजला चढवलेल्या न्याहारीत हॅम घातलेलं ऑम्लेट होतं. कोपनहेगन जवळ आलं तसा उलट्या, जुलाब आणि पोटदुखीचा सपाटा सुरू झाला. १९६ प्रवासी आणि एक कर्मचारी आजारी पडले, त्यांतल्या एकशे चाळीसहून अधिक जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. अँकरेजच्या स्वयंपाकघरात हॅम हाताळणाऱ्या एका आचाऱ्याच्या बोटांवर संसर्ग झालेल्या जखमा निघाल्या. ते अन्न सहा तास नुसतंच बाहेर राहिलं होतं. पुढे ते साडेचौदा तास शीतकपाटात होतं, पण तेही दहा अंशांवर, आणि त्यानंतर विमानातल्या भट्ट्यांमध्ये थंडाव्याशिवाय आणखी आठ तास. वाढण्याआधी ते गरम केलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही, कारण या जीवाणूचं विष उकळीलाही दाद देत नाही.

या प्रकरणातला हॅम योगायोगाने आलेला नाही. स्टॅफिलोकोकस गर्दीत मागे पडणारा जीवाणू आहे. कच्च्या मांसावर इतर जीवाणू त्याला वर येऊ देत नाहीत. पण मीठ लावलेल्या हॅममध्ये, साखर-खव्याच्या पेढ्या-बर्फीत किंवा शिजवून मग हाताने कुस्करलेल्या पदार्थात बाकीचे हटलेले असतात. मीठ-साखर याला चालते, म्हणून मैदान त्याचं एकट्याचं होतं. ‘शिजल्यावर हाताने हाताळलं, मग उबेत ठेवलं’ असं वाक्य प्रश्नात असेल, तर बोट आचाऱ्याच्या बोटांकडेच दाखवायला हवं.

बॅसिलस सेरियसला आचाऱ्याचा हात लागतच नाही. त्याचे बीजाणू तांदळाबरोबरच स्वयंपाकघरात येतात. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतल्या फ्राइड राइसने त्याची ओळख पटवून दिली. मोठ्या प्रमाणावर उकडलेला भात चिकट होऊ नये म्हणून बाहेरच निवत ठेवायचा आणि मागणी आली की थोडा थोडा परतून द्यायचा, अशी तिथली रीत होती. निवणाऱ्या भातात बीजाणू उगवले, त्यांनी सेरुलाइड नावाचं विष तयार केलं, आणि कढईतल्या आचेने त्या विषाचं काहीच बिघडलं नाही. १२१ अंशांवरही ते तग धरतं.

याच जीवाणूचं दुसरं रूप परीक्षेत फसवतं, कारण ते परफ्रिंजेन्ससारखं वागतं. १९४७ ते १९४९ या काळात ओस्लोत व्हॅनिला सॉसमुळे मुरडा आणि जुलाबाचे उद्रेक झाले. सॉस आदल्या दिवशी करून बाहेरच ठेवलेला होता आणि बीजाणू त्यातल्या मक्याच्या पिठातून आले होते. स्टाइनार हॉगे या नॉर्वेजियन संशोधकाने त्यातून वेगळा केलेला बॅसिलस सेरियस व्हॅनिला सॉसमध्ये वाढवला आणि तो सॉस स्वतः प्यायला. सुमारे तेरा तासांनी त्याच्या पोटात मुरडा उठला. हे तेरा तास म्हणजे लग्नाच्या प्रश्नातलीच वेळ! म्हणूनच तिथे ‘परफ्रिंजेन्स’ लिहिताना मांस, मोठं पातेलं आणि रात्रभराची ऊब ही कारणं द्यावीच लागतात. त्याच वेळेत, त्याच लक्षणांसह कस्टर्ड किंवा पिठाळ सॉस असता, तर उत्तर बदललं असतं.

ताप आला की प्रसंगाचं वळणच वेगळं होतं. बारा ते छत्तीस तास, ताप, जुलाब, अर्धं कच्चं अंडं किंवा कोंबडी, ही साल्मोनेलाची नेहमीची वाट. कोंबडी किंवा न उकळलेलं दूध, दोन ते पाच दिवस, ताप आणि कधीकधी रक्त, आणि पुढे काही आठवड्यांनी पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा असा उल्लेख असेल, तर ते कॅम्पिलोबॅक्टर. हा जीवाणू बेचाळीस अंशांवर, कमी ऑक्सिजनमध्ये वाढवतात. शिगेलाला आजार घडवायला शंभराच्या आतले जीवाणूही पुरतात. त्यामुळे तिथे अन्न रात्रभर उबेत राहिल्याचा पुरावा शोधत बसायचं नसतं. अस्वच्छ हाताचा एक स्पर्श पुरे होतो.

रक्त आहे पण ताप नाही किंवा नावापुरताच आहे, तीन-चार दिवसांनी सुरुवात झाली आणि आठवडाभरात लहान मुलाची लघवी कमी झाली, तर विद्यार्थ्याने ई. कोलाय ओ१५७:एच७ लिहावं. प्रयोगशाळेतली त्याची खूण सगळ्यांना पाठ असते. सॉर्बिटॉल मॅककॉन्की माध्यमावर इतर ई. कोलाय गुलाबी दिसतात आणि हा रंगहीन राहतो, कारण त्याला सॉर्बिटॉल पटकन आंबवता येत नाही. पण ही खूण ओ१५७ची आहे, त्याच्या विषाची नाही. २०११ साली जर्मनीत रक्ती जुलाबांची आणि मूत्रपिंडं निकामी होण्याची मोठी साथ आली. पन्नासहून अधिक माणसं गेली. तिथला जीवाणू ई. कोलाय ओ१०४:एच४ होता, त्याच्याकडे तेच शिगा विष होतं आणि तो सॉर्बिटॉल व्यवस्थित आंबवत होता. नुसत्या त्या माध्यमावर विसंबणाऱ्याच्या हातून तो निसटला असता. सुरुवातीला संशय स्पेनच्या काकड्यांवर घेतला गेला. शेवटी माग मोड आणलेल्या मेथीपर्यंत पोहोचला. मोड सॅलडवर चिमूटभर घातलेले असतात, आणि आपण ते खाल्ले होते हे बऱ्याच रुग्णांना आठवतही नव्हतं. तपासणाऱ्यांनी मग लोकांच्या आठवणीवर न थांबता एकाच उपाहारगृहातल्या ग्राहकांनी काय मागवलं होतं, ते बिलांवरून आणि फोटोंवरून ताडून पाहिलं.

काही जीवाणू पोटाच्या नेहमीच्या तक्रारीत बसतच नाहीत, आणि प्रश्न काढणाऱ्यांना ते फार आवडतात. एकाला दोन दोन दिसतात, पापणी जड झाली आहे, गिळता येत नाही, आणि आदल्या दिवशी घरी डबाबंद केलेली कमी आंबट भाजी खाल्ली होती. हा क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. पदार्थाचा पीएच ४.६च्या वर होता का, हे तिथे विचारायचं. शाळकरी मुलांना ताप आणि उजव्या बाजूला खाली दुखतंय, शस्त्रक्रिया केली तर आंत्रपुच्छ ठीकठाक, तर तो यर्सिनिया एंटेरोकोलिटिका. १९७६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा परगण्यात शाळेतल्या चॉकलेट दुधामुळे नेमकं हेच झालं आणि डझनाहून जास्त मुलांची आंत्रपुच्छं विनाकारण काढली गेली. यर्सिनिया शीतकपाटातही वाढतो, तसा लिस्टेरियाही. पण लिस्टेरियाचं घड्याळ आठवड्यांचं असतं. गर्भवती बाईला नुसता फ्लूसारखा ताप येतो आणि तिने काय खाल्लं होतं ते महिन्यापूर्वीचं असतं. १९८१ साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात त्याचा माग कोबीच्या कोलस्लॉपर्यंत लागला. त्या कोबीला मेंढ्यांचं खत घातलेलं होतं आणि तो पुढे थंड कोठारात साठवून ठेवला होता.

मासळीच्या प्रश्नात कोकणातल्या मुलांना एक गोष्ट घरातूनच कळलेली असते. उन्हात राहिलेला बांगडा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. ही हिस्टामीनची बाधा. जीवाणूंनी ते हिस्टामीन मासळीतच बनवलं, पण रुग्णाच्या अंगात जीवाणू शोधून काही मिळणार नाही. अर्धी कच्ची कोळंबी किंवा खेकडा खाऊन साधारण बारा ते चोवीस तासांनी जुलाब झाले, तर मात्र व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस. मिठाशिवाय तो वाढत नाही आणि टीसीबीएस माध्यमावर हिरव्या वसाहती देतो. पटकीचा व्हिब्रिओ तिथे पिवळा दिसतो.

आता पुन्हा लग्नाकडे, कारण ‘कारणे द्या’ यात प्रयोगशाळाही येते. उरलेल्या रश्श्यात परफ्रिंजेन्स सापडला एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. तो निरोगी माणसाच्या विष्ठेतही असतो आणि बाजारातल्या मांसावरही. म्हणून ‘आहे का’ याऐवजी ‘किती आहे’ हे विचारायचं. अन्नात दर ग्रॅममागे लाखावर पेशी, किंवा एकाहून अधिक रुग्णांच्या विष्ठेत दर ग्रॅममागे दहा लाखांवर बीजाणू, किंवा विष्ठेत प्रत्यक्ष विष, असा पुरावा लागतो. ऑक्सिजनरहित हंडीत टीएससी माध्यमावर त्याच्या काळ्या वसाहती येतात. लिटमस दुधात घातलं तर गोळा बनून वायूने फाटतो. नमुना मात्र जपावा लागतो. रस्सा प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कुणी बर्फात गोठवून ठेवला, तर याच्या साध्या पेशी मरतात आणि मोजणी खोटी कमी येते. म्हणून तो ग्लिसरॉल-मिठाच्या द्रावणात मिसळून पाठवतात. स्टॅफिलोकोकसच्या बाबतीत याच्या उलट घडतं. गरम केलेल्या पदार्थात जिवंत जीवाणू एकही नसेल आणि विष पूर्ण असेल. तिथे वाढ दिसली नाही म्हणून नाव खोडायचं नाही, विषाचीच तपासणी मागायची.

राहिले ते आठ जण, ज्यांनी मटण खाल्लंच नाही म्हणून सांगितलं आणि तरी आजारी पडले. चांगला परीक्षक त्यांच्यावर एखादा गुण राखून ठेवतो. भाताच्या परातीत रश्श्याचाच डाव बुडवला गेला असेल. कुणाला काय खाल्लं ते नीट आठवलं नसेल. एखाद्याने घरात सांगता येणार नाही म्हणून मटण लपवलं असेल. एखाद-दोघांचे जुलाब दुसऱ्याच कशाने झाले असतील. या आठांची विष्ठा तपासायला मिळाली, त्यात तसेच भरमसाट बीजाणू निघाले आणि रश्श्यातल्या जीवाणूशी त्यांचा प्रकार जुळला, तर रश्श्याचा अंश त्यांच्याही पानात गेला होता असं लिहिता येतं. नमुना मात्र पहिल्या दोन दिवसांतच घ्यावा लागतो. नंतर बीजाणूंची संख्या उतरते आणि त्या आठांबद्दल उत्तरपत्रिकेत फक्त ‘शक्यता’ हाच शब्द लिहिता येतो.